आभाळाला पट्टे का पडतात, आणि ते कसे घालवायचे

सूर्यास्तानंतरचं आभाळ चित्रित करायला सोपं, पण टिकवायला अवघड. समुद्रावर उभं जोडपं आणि मागे खालून वर गडद होत जाणारं निळं आभाळ हा शॉट हल्ली जवळजवळ प्रत्येक प्री-वेडिंग फिल्ममध्ये असतो. एडिट करताना तो झकास दिसतो. फाइल लहान करून पाठवली की त्याच आभाळात पायऱ्या उमटतात: एक निळा पट्टा, त्याच्या वर किंचित गडद दुसरा, मग तिसरा. याला बँडिंग म्हणतात. त्यावर मिळणारे सल्ले बहुतेक अर्धवट असतात, आणि काही तर दुखणं वाढवणारे.

गैरसमज: आठ बिटमध्ये रंगच कमी पडतात, म्हणून पट्टे येतात.

यात तथ्य आहे, पण थोडंच. एक उदाहरण आकड्यांत पाहू. फ्रेमची उंची 1080 ओळी, त्यातल्या वरच्या 720 ओळी आभाळाच्या. क्षितिजाजवळ उजेडाची किंमत 84, अगदी वर 60. मधे फक्त 24 पायऱ्या, म्हणजे प्रत्येक पायरी 30 ओळी रुंद. ती जागा आठ बिटमध्ये एवढ्याच पायऱ्यांची आहे, हे खरं. शिवाय दोन सपाट पट्ट्यांमधली कड डोळा असते त्याहून ठळक करून दाखवतो. अर्न्स्ट माख यांनी 1865 मध्ये हा दृष्टिभ्रम नोंदवला होता. त्यामुळे एका अंकाचा फरकही अंधाऱ्या खोलीत रेघ होऊन दिसतो.

पण कॅमेऱ्यातून निघालेल्या मूळ आठ बिट फाइलमध्ये हे पट्टे सहसा दिसत नाहीत. कारण सेन्सरचा बारीक खरखरीतपणा, ज्याला आपण नॉइझ किंवा ग्रेन म्हणतो. समजा एका जागी खरी किंमत 70.3 आहे. नुसतं पूर्णांकात बसवलं तर तिथला प्रत्येक पिक्सेल 70 होईल, आणि .3 कायमचा गेला. पण पूर्णांकात बसवण्याआधी प्रत्येक पिक्सेलमध्ये अर्ध्या अंकापर्यंत कमी-जास्त अशी यादृच्छिक किंमत मिसळली तर शंभरातले सुमारे 30 पिक्सेल 71 होतात आणि 70 पिक्सेल 70 राहतात. सरासरी 70.3. डोळा ती सरासरीच पाहतो. मुद्दाम केलेल्या या मिसळणीला डिदरिंग म्हणतात. वर्तमानपत्रातल्या काळ्या-पांढऱ्या फोटोतही राखाडी शाई नसतेच. काळ्या ठिपक्यांच्या दाटीतून आपण राखाडी वाचतो.

ही युक्ती जुनी आहे. एमआयटीमध्ये लॉरेन्स रॉबर्ट्स यांनी 1962 च्या निबंधात चित्राला आधी नॉइझ लावून मग पायऱ्या कमी केल्या, आणि चित्र पोचल्यावर तोच नॉइझ वजा केला. पुढे अर्पानेट उभारणारे ते हेच रॉबर्ट्स.

म्हणजे आठ बिट पुरतात, पण ग्रेन जिवंत राहिला तरच. खरी मेख कॉम्प्रेशनमध्ये आहे.

गैरसमज: फाइल जड झाली तर आधी डीनॉइझ करावं, चित्र स्वच्छ आणि फाइल हलकी.

फाइल हलकी होते हे खरं, पण आभाळ तिथेच फाटतं. एच.264 एन्कोडर चित्राचे लहान चौकोन करतो, प्रत्येक चौकोनातला चढउतार लाटांमध्ये मांडतो आणि त्या लाटा एका ठरावीक मापाने भागून पूर्णांकात बसवतो. त्या मापावर क्यूपी या आकड्याचा ताबा असतो. क्यूपी 22 ला माप 8 आणि 28 ला 16. दर सहा अंकांना ते दुप्पट होतं.

आता आपला बिचारा ग्रेन पाहा. एका अंकाच्या चढउतारातून निघणाऱ्या लाटेची उंची साधारण अर्धा. त्याला 16 ने भागलं की शून्य. एन्कोडरच्या दृष्टीने तिथे काही नव्हतंच. एवढ्यावर थांबत नाही. आठ बाय आठच्या चौकोनात 16 चं माप म्हणजे त्या चौकोनाच्या सरासरीतही साधारण दोन अंकांखालची दुरुस्ती नेमकी लिहिता येत नाही. आपल्या उदाहरणातल्या 24 पायऱ्यांच्या मग 12 होतात, प्रत्येक 60 ओळी रुंद आणि दुप्पट ठळक. डीनॉइझ करून पाठवलं तर एन्कोडरचं हे काम आपणच आधी करून ठेवलेलं असतं.

बिटरेट वाढवला की क्यूपी उतरतो आणि फरक पडतो, पण अपेक्षेइतका नाही. वाढलेले बिट बरेचसे लाटांच्या फेसावर आणि जोडप्याच्या कपड्यांवर खर्च होतात. म्हणून x264 मध्ये `aq-mode=3` सारखी सोय आहे. ती अंधाऱ्या भागांकडे बिट जास्त वळवते, आणि संध्याकाळच्या आभाळाला त्याचा खरा उपयोग होतो. बिटरेट दुप्पट करण्याआधी मी हे करून पाहीन.

गैरसमज: पट्टे पडलेली फाइल दहा बिटमध्ये बदलली की झालं.

सगळ्यात हट्टी समज हाच. दहा बिटमध्ये प्रत्येक जुन्या अंकाच्या जागी चार नवे अंक मिळतात, पण जुन्या फाइलमध्ये भरलेल्या किमती फक्त 70 आणि 72 आहेत. बदलल्यावर त्या 280 आणि 288 होतात. मधल्या सात जागा रिकाम्याच. तिथे काहीतरी भरावं लागतं, आणि ते काम डीबँड फिल्टरचं. नुसतं ब्लर करूनही चालत नाही: ब्लरने काढलेली मधली किंमत पुन्हा आठ बिटमध्ये बसवली की नवे, जरा अरुंद पट्टे हजर.

`ffmpeg` मधला `deband` फिल्टर प्रत्येक पिक्सेलसाठी यादृच्छिक अंतरावरचे चार शेजारी घेतो आणि त्यांची सरासरी काढतो. फरक ठरवलेल्या उंबरठ्याखाली असेल तर पिक्सेलला ती सरासरी देतो. जास्त असेल तर ती खरी कड मानून हात लावत नाही. अंतर दर पिक्सेलला वेगळं असल्यामुळे मिश्रणही विस्कटलेलं होतं, म्हणजे डिदरिंग आपोआप थोडं आत येतं.

आपल्या आभाळासाठी तो असा लावता येईल:

```
ffmpeg -i in.mp4 -vf "format=yuv420p10le,deband=1thr=0.01:2thr=0.01:3thr=0.01:range=32" -c:v libx265 -crf 18 -tag:v hvc1 -c:a copy out.mp4
```

यातले दोन आकडे समजून घेण्यासारखे आहेत. `range` मुळात 16 असतो. आपला पट्टा 60 ओळींचा. तेव्हा 16 ठेवला तर प्रत्येक कडेच्या दोन्ही बाजूंना 16-16 ओळी मऊ होतील आणि मधल्या 28 ओळी सपाटच राहतील. पट्टा दिसेलच, फक्त कड धूसर झालेला. म्हणून पट्ट्याच्या रुंदीच्या निम्म्याच्या थोडं वर, इथे 32. दुसरा आकडा उंबरठा. 0.01 म्हणजे आठ बिटच्या मापात सुमारे अडीच अंक. आपली पायरी दोन अंकांची, ती यात बसते. मूळचा उंबरठा 0.02, म्हणजे पाच अंक. तो इथे उगाच मोठा: धुक्यातल्या डोंगराची कड किंवा साडीच्या पोताचे फरकही एवढेच असतात, आणि फिल्टरला आभाळ आणि साडी यातलं काही कळत नाही. तपासताना आभाळाकडे नको, आधी डोंगराकडे पाहा. तो पुसला गेला असेल तर उंबरठा उतरवा.

फिल्टरच्या आधी `format=yuv420p10le` आहे तेही मुद्दाम. मधल्या किमती ठेवायला जागा आधी हवी, मग भरणं.

गैरसमज: एकदा डिदरिंग केलं की काम कायमचं झालं.

डिदरिंग शेवटच्या पायरीला करायचं असतं, आणि ते झाल्यावर ती फाइल पुन्हा दाबली गेली की ते जातं. `ffmpeg` मध्ये `gradfun` नावाचा आणखी एक फिल्टर आहे. कॉम्प्रेशनच्या आधी तो वापरू नका, कारण डिदर हरवून पट्टे परत येतात, असं त्याच्या माहितीपुस्तिकेतच लिहिलेलं आहे. तो फक्त पाहताना लावण्यासाठी.

म्हणून फाइल पुढे कुठे जाणार यावर उपाय ठरतो. स्वतःच्या संगणकावर पाहायची असेल तर मूळ फाइलला हातही लावू नका. `mpv` प्लेअरमध्ये `b` दाबलं की डीबँड चालू-बंद होतं, आणि ते एन्कोडिंगच्या नंतर होत असल्यामुळे त्याला खाणारं पुढे कोणी नसतं. क्लायंटला पेनड्राइव्हवर द्यायची असेल तर वरची दहा बिटची फाइल चांगली. अलीकडचे बहुतेक टीव्ही आणि फोन ती चालवतात, जुन्या संगणकावर मात्र अडखळू शकते.

आठ बिट एच.264 च द्यायची असेल, किंवा पुढे कुठे अपलोड होऊन पुन्हा दाबली जाणार असेल, तर अर्ध्या अंकाचा नाजूक डिदर टिकणार नाही. तिथे डोळ्याला जाणवेल असा ग्रेन घालावा लागतो: डीबँड केलेल्या प्रतीवर `noise=c0s=6:c0f=t`, सोबत `-tune grain` आणि `-crf 17` च्या आसपास. एक पिक्सेलपेक्षा जरा जाड दाणा अधिक तग धरतो, कारण एन्कोडर आधी सर्वांत बारीक लाटा मारतो. याची किंमत फाइलच्या आकारात मोजावी लागते. आणि बिटरेट फारच कमी असेल तर ग्रेन घालूच नका. तो अर्धवट मरतो, आभाळात मुंग्या फिरल्यासारखे डाग हलत राहतात आणि चेहऱ्यांवरचे बिटही तोच खातो. त्यापेक्षा पट्टे परवडले. व्हॉट्सॲपवर पाठवताना तर सरळ डॉक्युमेंट म्हणून पाठवावं, म्हणजे फाइल पुन्हा दाबली जात नाही.

राहिला एक प्रश्न, जो खरं तर सगळ्याच्या आधी विचारायला हवा: पट्टे फाइलमध्ये आहेत की पडद्यात? बऱ्याच स्वस्त पॅनेलमध्ये सहाच बिट असतात आणि उरलेले दोन बिट ते किमती झपाट्याने बदलत भासवतात. तेव्हा फ्रेमची पीएनजी काढा, फोटो एडिटरमध्ये भरपूर मोठी करा आणि पट्ट्यावर कलर पिकर फिरवा. पट्टाभर तोच आकडा येत असेल तर दोष फाइलचा. आकडे शेजारी-शेजारी बदलत असतील आणि तरी पट्टे दिसत असतील तर दोष पडद्याचा किंवा प्लेअरचा, आणि फाइलवर केलेला कुठलाही उपाय वाया. फाइलचाच दोष निघाला तर कडेचा आकार पाहा. ती आठ किंवा सोळा पिक्सेलच्या चौकोनांच्या कोपऱ्यांनी तुटक जात असेल तर ते कॉम्प्रेशनचं काम. नकाशातल्या समोच्च रेषेसारखी सलग वळत असेल, तर पट्टे बहुधा एन्कोडरपर्यंत पोचण्याआधीच पडले आहेत, आणि मग डीबँडच्या आधी ग्रेडिंगची प्रोजेक्ट फाइल उघडून तिथला डीनॉइझ बंद करून पाहावा.