पिपेट कुठे, सिलिंडर कुठे

बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाच्या प्रयोगशाळेत ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल लागतंच. शाळांना आणि कॉलेजांना ते बाटलीतून मिळतं ते मात्र साधारण १२ मोलर. एक लिटरमध्ये जवळजवळ १२ मोल आम्ल, म्हणजे हव्या त्या द्रावणाच्या १२० पट संहत. मग पाणी घालायचं, पण किती, आणि कशाने मोजून?

हिशोब सोपा आहे. आमटीत पाणी वाढवलं की खारटपणा कमी होतो, पण पातेल्यातलं मीठ तेवढंच राहतं. द्रावणातही तसंच. पाणी घालण्यापूर्वी जितके मोल होते तितकेच नंतर असतात, आणि मोलॅरिटीला आकारमानाने गुणलं की मोल मिळतात. म्हणून M1V1 = M2V2. २५० मिली ०.१ मोलर द्रावण हवं असेल तर १२ मोलर आम्ल लागेल ०.१ × २५० ÷ १२, म्हणजे २.०८ मिली.

इथे बरेचजण लहान पिपेट घेऊन ०.०८ च्या मागे लागतात. ते व्यर्थ आहे. बाटलीवरच्या लेबलवर ३५ ते ३८ टक्के असं काहीतरी छापलेलं असतं आणि झाकण उघडलं की वायू धुरासारखा बाहेर पडतो, म्हणजे बाटली जुनी होत जाते तसं आम्लही थोडं घटतं. ‘१२’ हा आकडाच अंदाजाचा असेल तर त्यावरून काढलेल्या २.०८ मधल्या ०.०८ ला काय किंमत? शिवाय संहत आम्ल पिपेटने ओढणं हे नाकाला आणि डोळ्यांना परवडणारं काम नाही.

त्यापेक्षा दोन पायऱ्यांत जावं. आधी अंदाजे १ मोलर स्टॉक करायचा. ५०० मिलीसाठी साधारण ४२ मिली संहत आम्ल मेजरिंग सिलिंडरने घ्यायचं, फ्यूम हूडखाली, डोळ्यांवर चष्मा आणि हातात मोजे घालून. मोठ्या बीकरमध्ये निम्म्याहून अधिक डिस्टिल्ड पाणी आधीच घ्यायचं आणि त्यात आम्ल हळूहळू ओतायचं, उलट कधीही नाही. द्रावण गार झालं की ५०० मिलीपर्यंत पाणी घालून ढवळायचं. इथे बीकरच्या खुणाही चालतात. त्या पाचेक टक्क्यांनी चुकतात, पण आकडा अजून ठरायचाच आहे.

तो ठरवतं सोडियम कार्बोनेट. भट्टीत वाळवून गार केलेली १.०६० ग्रॅम पूड म्हणजे ०.०१ मोल, आणि तिला ०.०२ मोल आम्ल लागतं. ती पाण्यात विरघळवून मिथिल ऑरेंजचे दोन थेंब टाकले आणि ब्युरेटमधून स्टॉक सोडला. समजा, पिवळा रंग नारिंगी व्हायला २०.५८ मिली लागले. ०.०२ मोल भागिले ०.०२०५८ लिटर, म्हणजे स्टॉक १ मोलर नसून ०.९७२ मोलर आहे. आता हा आकडा भरवशाचा आहे, म्हणून इथून पुढे चांगली काच वापरायला अर्थ आहे.

हिशोब पुन्हा मांडला तर २५० मिलीसाठी स्टॉक लागतो २५.७२ मिली. असा पिपेट बाजारात नाही. तेवढं माप ब्युरेटने सोडता येईल, पण माझी पसंती वेगळी आहे. २५ मिलीचा पिपेट घ्यावा, २५० मिलीच्या व्हॉल्युमेट्रिक फ्लास्कमध्ये रिकामा करावा, खुणेपर्यंत पाणी भरावं आणि लेबलवर ०.०९७२ लिहावं. टायट्रेशनच्या हिशोबाला ०.१००० च हवं असा काही हट्ट नसतो. ‘ए’ वर्गाचा २५ मिलीचा पिपेट ०.०३ मिलीच्या आत बरोबर असतो, म्हणजे ०.१२ टक्के. तेच माप साध्या सिलिंडरने घेतलं तर अर्धा मिली सहज इकडेतिकडे, म्हणजे दोन टक्के, आणि मघाचं टायट्रेशन फुकट गेलं.

पिपेट आधी थोड्या स्टॉकने खंगाळावा, नाहीतर आत राहिलेलं पाणी स्टॉक पातळ करतं. फ्लास्क मात्र फक्त पाण्याने. तो स्टॉकने खंगाळला तर मोजमापाबाहेरचे मोल आत जातात. पिपेटच्या टोकाशी उरलेला थेंब फुंकून टाकायचा नाही. तो राहणार हे धरूनच खूण केलेली असते. शेवटचं पाणी ड्रॉपरने थेंबाथेंबाने घालायचं, खूण डोळ्यांच्या पातळीत धरून, पाण्याच्या वक्राचा तळ तिला टेकेपर्यंत. मग बूच लावून दहापंधरा वेळा उलटंसुलटं करायचं. हे टाळलं तर लागोपाठच्या टायट्रेशनचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत.

पाणी खुणेच्या वर गेलं तर वरचं काढून टाकून उपयोग नाही, कारण त्याबरोबर आम्लही जातं. द्रावण ओतून पुन्हा सुरुवात करायची. फ्लास्कवर २० अंश सेल्सियस लिहिलेलं असतं तेही वाचावं. ३५ अंशांचं पाणी २० अंशांवर येताना सुमारे ०.४ टक्के आकसतं, म्हणजे पिपेटच्या चुकीच्या तिपटीहून जास्त. नागपूरच्या मे महिन्यात डिस्टिल्ड पाण्याचा कॅन खिडकीपाशी ठेवलेला असेल तर तो आदल्या दिवशीच आत आणावा आणि स्टॉकचं टायट्रेशन व डायल्यूशन एकाच तापमानाला उरकावं.