पोस्टपेड नंबर वारसाच्या नावावर करताना

दोन वर्षांपूर्वी माझ्या मावशीचे यजमान वारले. तेराव्यानंतर मुलांनी बँकेत जाऊन मृत्यूची नोंद दिली आणि नियमाप्रमाणे खात्यातले व्यवहार थांबले. मात्र काकांच्या पोस्टपेड मोबाइलचे बिल दरमहा त्याच खात्यातून आपोआप कापले जात होते, हे कोणाच्या लक्षात आले नाही. बिल थकल्याचे संदेश कपाटात ठेवलेल्या काकांच्या फोनवर येत राहिले. दुसऱ्या महिन्यात मावशीच्या फोनवरून कॉल लागेना, तेव्हा उलगडा झाला. फॅमिली प्लॅनमधला मुख्य नंबर काकांचा होता. मावशीचा आणि धाकट्या मुलाचा नंबर त्याच्याच बिलाखाली होता, म्हणून तिन्ही फोन एकदम अडले.

पोस्टपेड जोडणी म्हणजे कंपनी आणि एका व्यक्तीमधला उधारीचा करार. ती व्यक्ती गेली तरी कंपनीला ते कळत नाही. तिला फक्त बिल थकलेले दिसते. थकबाकी वाढली की आधी जाणारे कॉल बंद होतात आणि शेवटी जोडणी तोडली जाते. तोडलेला नंबर 90 दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकाला मिळू शकतो. मग गॅसची नोंदणी, विमा, पेन्शन यांचे संदेश परक्या माणसाच्या हाती पडू लागतात.

म्हणून पहिले काम म्हणजे नंबर चालू ठेवणे. त्यासाठी कोणाचीही परवानगी लागत नाही, कारण दुसऱ्याच्या नंबरचे बिल आपण आपल्या खात्यातून भरू शकतो. मावशीच्या मुलाने त्याच संध्याकाळी थकबाकी भरली आणि फोन सुरू झाले. थकबाकी शून्य असल्याशिवाय नाव बदलून मिळत नाही, त्यामुळे तेही काम त्यातच झाले.

पुढचे काम कंपनीच्या अधिकृत दुकानात होते. माणूस हयात असताना रक्ताच्या नात्यातल्या व्यक्तीच्या नावे नंबर करायचा असेल, तर मूळ ग्राहकाचे ना हरकत पत्र लागते. मृत्यूनंतर त्याची जागा मृत्यूचा दाखला घेतो. सोबत वारसाचे आधार कार्ड आणि नाते दाखवणारा कागद लागतो. रेशन कार्ड किंवा पत्नीच्या कागदावरचे पतीचे नाव बहुधा पुरते, पण कंपनीगणिक मागणी थोडी बदलते, म्हणून जाण्याआधी विचारून घ्यावे. ज्याच्या नावावर नंबर होणार, त्याने स्वतः जायला हवे, कारण तिथेच त्याचा फोटो काढून नव्याने केवायसी होते.

मावशीचे काम अडले ते एका अक्षराने. ग्रामपंचायतीच्या दाखल्यावर काकांच्या वडिलांचे नाव वेगळे पडले होते आणि बिलावरच्या नावाशी ते जुळेना. दाखला दुरुस्त होऊन यायला महिना गेला. तोवर मुलगा बिल भरत राहिला, म्हणून नंबर हातचा गेला नाही. दाखला हातात पडला की त्यावरचे पूर्ण नाव आधार आणि मोबाइल बिल या दोन्हींशी लगेच ताडून पाहावे. पुढे बँक आणि विम्याच्या कामातही तीच चूक आडवी येते.

नाव बदलल्यावर मावशीला नवे सिम मिळाले आणि काही तासांत जुने बंद पडले. सिम बदलले की फसवणूक टाळण्यासाठी पहिले 24 तास एसएमएस रोखलेले असतात, त्यामुळे त्या दिवशी ओटीपी लागणारे काम ठरवू नये. आपोआप बिल भरण्याची सोयही मावशीच्या खात्याशी नव्याने जोडावी लागली.

इथे एक गैरसमज फार घरांत दिसतो. नंबर आपल्या नावावर झाला, ओटीपी आपल्याकडे येतो, म्हणजे खात्यातले पैसे काढता येतील, असे लोकांना वाटते. तसे नाही. नंबरचा वारसा आणि पैशाचा वारसा या वेगळ्या गोष्टी आहेत. मृत व्यक्तीच्या खात्यातून यूपीआयने किंवा एटीएम कार्डाने पैसे काढणे, पिन ठाऊक असला तरी, चुकीचेच आहे. नामनिर्देशित व्यक्तीने किंवा वारसाने बँकेत रीतसर दावा करावा.

नंबर ठेवायचाच नसेल, तर तो आपणहून रीतसर बंद करावा. पण त्याआधी गॅस, वीज, विमा आणि संयुक्त खाते अशा प्रत्येक ठिकाणी नवा नंबर नोंदवावा. भरलेली अनामत रक्कम असेल, तर तीही मागून घ्यावी.

आज घरी एवढे पाहून ठेवा: फॅमिली प्लॅनचा मुख्य नंबर कोणाच्या नावावर आहे आणि त्याचे बिल कोणत्या खात्यातून जाते. घरातल्या वयस्कर माणसाच्या नावावरचा नंबर प्रत्यक्षात दुसरेच कोणी वापरत असेल, तर तो आत्ताच त्याच्या नावावर करून घ्या. दोघे मिळून दुकानात गेलात, तर ना हरकत पत्रावर सही तिथेच होते.