हात वर जाताना आखूड का होतो?

चित्रातल्या पात्राला संगणकावर पहिल्यांदा हात वर करायला लावलं, की अर्ध्या वाटेत तो हात आखूड होतो आणि वर पोहोचल्यावर पुन्हा होता तेवढा लांब होतो. चित्र नीट काढलेलं असतं. दोष हात हलवण्याच्या पद्धतीत असतो.

आफ्टर इफेक्ट्स या सॉफ्टवेअरमध्ये २००७ साली सीएस३ आवृत्तीबरोबर पपेट टूल आलं. हाताच्या चित्रावर पिन टोचली की सॉफ्टवेअर त्या चित्रावर त्रिकोणांची जाळी अंथरतं. खांदा, कोपर आणि मनगट अशा तीन पिना टोचून मनगटाची पिन ओढली, तर जाळी ताणली जाते आणि तिच्याबरोबर चित्र वाकतं. यासाठी हात धडापासून वेगळा कापून त्याचा स्वतंत्र लेअर करावा लागतो. दोन्ही एकाच लेअरवर असले आणि हात अंगाला चिकटलेला असला, तर जाळीही एकसंध होते आणि हाताबरोबर बरगड्या ओढल्या जातात.

आता आखूडपणाचं कारण पाहू. खांद्यापासून मनगटापर्यंत ३०० पिक्सेलचा हात खाली लोंबतो आहे आणि तो आडवा करायचा आहे. मनगटाच्या पिनेची पहिली आणि शेवटची जागा नोंदवली, की सॉफ्टवेअर तिला या दोन जागांमधून सरळ रेषेत नेतं. त्या रेषेचा मध्य खांद्यापासून जेमतेम २१२ पिक्सेलवर येतो. खरा हात खांद्याभोवती फिरतो, त्यामुळे मनगट कमानीतून जातं आणि अंतर ३०० च राहतं. साध्या पिनेला फक्त जागा कळते, फिरणं कळत नाही.

फिरणं कळतं ते नलला. नल हा रिकामा लेअर असतो. तो अंतिम दृश्यात दिसत नाही, पण त्याला जागा, कोन आणि आकारमान असतं आणि त्याला दुसऱ्या नलचं मूल करता येतं. तीन पिनांवर तीन नल ठेवायचे. मनगटाचा पालक कोपर, कोपराचा पालक खांदा. मग खांद्याचा नल ९० अंशांनी फिरवला की खालचे दोन्ही नल आपापली अंतरं राखून कमानीतून जातात.

अडचण अशी, की पिन हा लेअर नाही, त्यामुळे तिला कुणाचं मूल करता येत नाही. नल आणि पिन यांच्यामधला दुवा एक्स्प्रेशन जोडतं. पिनेच्या Position या गुणधर्मावर दोन ओळी लिहायच्या:

```
n = thisComp.layer("Wrist");
fromComp(n.toComp(n.anchorPoint))
```

पहिली ओळ Wrist नावाचा नल शोधते. दुसरी ओळ तो पूर्ण दृश्यात कुठे आहे ते काढते आणि तीच जागा हाताच्या लेअरच्या मापात पिनेला देते. इथे घाईने नुसतं `n.position` लिहिलं, तर नल पालकाला जोडताच हात लेअरच्या वरच्या डाव्या कोपऱ्याकडे खेचला जातो. मूल झालेल्या नलची जागा पालकापासून मोजली जाते आणि पिन मात्र तोच आकडा आपल्या लेअरच्या कोपऱ्यापासून मोजते. हात असा कोपऱ्यात पळाला, की आधी हेच तपासावं.

क्रमही महत्त्वाचा आहे. चित्र मोठं करून नल पिनेवर नेमका ठेवावा, मग एक्स्प्रेशन लिहावं आणि त्यानंतर पालक जोडावेत. एक्स्प्रेशन लिहिताच हात किंचित हलला, तर नल पिनेवर नीट बसलेला नाही असं समजावं. शेवटी हाताचा लेअर आणि खांद्याचा नल हे दोन्ही एका मुख्य नलला जोडावेत, म्हणजे पात्र चालवताना हात मागे राहत नाही.

एवढं झाल्यावर लोक मनगटाचा नल फिरवून पाहतात आणि काहीच होत नाही. कारण पुन्हा तेच आहे. स्वतःच्या बिंदूभोवती फिरलेल्या नलची जागा बदलत नाही, म्हणून पिनेपर्यंत काही पोहोचत नाही. बोटांच्या टोकाशी चौथी पिन टोचून तिचा नल मनगटाचं मूल केला, की पंजा हलू लागतो. कोपर मात्र फार दुमडलं, तर आतल्या बाजूचे त्रिकोण एकमेकांवर चढतात आणि चित्र चुरगळतं. कोपराच्या वर आणि खाली स्टार्च पिना दिल्या, तर हाताचे ते भाग ताठ राहतात आणि वाक कोपरापाशीच येतो. तरीही बोटं खांद्याला टेकतील इतकं दुमडणं या पद्धतीला झेपत नाही. अशा वेळी दंड आणि कोपराखालचा हात दोन वेगळ्या लेअरवर काढून, पिनांशिवाय सरळ नलला जोडलेले बरे.

तयार हाताची त्याच दृश्यात नक्कल करून दुसरं पात्र उभं करताना आणखी एक चूक होते. नक्कल झालेल्या एक्स्प्रेशनमध्ये जुन्याच नलचं नाव राहतं. पहिल्या पात्राचा नल हलवला आणि दोन्ही पात्रांचे हात हलले, तर प्रत्येक पिनेतलं नाव बदलावं लागतं. म्हणून प्रत्येक पात्राचं सगळं सामान सुरुवातीपासूनच स्वतंत्र कॉम्पमध्ये ठेवावं. मग प्रोजेक्ट पॅनलमध्ये त्या अख्ख्या कॉम्पची नक्कल केली, की तिच्या एक्स्प्रेशनमधलं `thisComp` त्या नकलेतलेच नल शोधतं.