क्रम नेमका कुठून कुठपर्यंत बिघडला?

परीक्षेच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा बैठक क्रमांकानुसार लावलेला असतो. मध्येच कुणीतरी काही पत्रिका काढून भलतीकडे खुपसतं. आता सगळा गठ्ठा पुन्हा लावायचा, की कमीत कमी किती सलग पत्रिका बाहेर काढून, लावून परत ठेवल्या म्हणजे काम भागेल? प्रोग्रॅमिंगच्या मुलाखतींत हाच प्रश्न आकड्यांच्या अॅरेवर विचारतात: असा सर्वांत छोटा सलग तुकडा शोधा, की तेवढाच सॉर्ट केल्यावर संपूर्ण अॅरे चढत्या क्रमात येईल.

हे दहा आकडे घेऊ:

11, 14, 18, 25, 21, 16, 30, 23, 27, 40

पहिला विचार असा येतो की आकडा जिथे पहिल्यांदा घसरतो तिथून, जिथे शेवटचा घसरतो तिथपर्यंतचा तुकडा घ्यावा. 25 नंतर 21 येतो, ही पहिली घसरण. 30 नंतर 23, ही शेवटची. म्हणजे चौथ्या जागेपासून आठव्यापर्यंत. तेवढा भाग लावला तर हाती येतं: 11, 14, 18, 16, 21, 23, 25, 30, 27, 40. दोन्ही टोकांना चूक राहिलीच. तुकड्यातल्या 16 ला 18 च्याही आधी जायचं होतं आणि तुकड्याबाहेरचा 27 हा 30 च्या आधी यायला हवा होता. शेजाऱ्याशी तुलना करून बिघाड आहे एवढं कळतं, तो कुठवर पोहोचला आहे हे कळत नाही.

म्हणून तुलना शेजाऱ्याशी करायची नाही, तर आतापर्यंत दिसलेल्या सर्वांत मोठ्या आकड्याशी करायची. डावीकडून चालत निघा. 11, 14, 18, 25 असा कमाल आकडा वाढत जातो. 21 हा 25 पेक्षा लहान, म्हणून पाचव्या जागेवर खूण करा. 16 ही लहान, खूण सहाव्या जागेवर सरकवा. 30 नवा कमाल होतो. 23 आणि 27 दोन्ही त्याहून लहान, त्यामुळे खूण आठव्यावर आणि मग नवव्यावर जाते. 40 सर्वांत मोठा, खूण हलत नाही. तुकड्याचं उजवं टोक नववी जागा.

हे बरोबर का? ज्या आकड्याच्या डावीकडे त्याहून मोठा आकडा आहे, तो तुकड्याबाहेर उजवीकडे राहूच शकत नाही, कारण तिथे तो हलणार नाही आणि मोठा कायम त्याच्या आधीच राहील. अशा आकड्यांपैकी शेवटचा म्हणजेच उजवी सीमा. त्यापुढचे सगळे आकडे आपापल्या डावीकडच्या कुणाहीपेक्षा लहान नसतात, म्हणून त्यांना हात लावायची गरज नाही.

डाव्या टोकासाठी हेच उलट दिशेने. उजवीकडून येताना किमान आकडा लक्षात ठेवा आणि त्याहून मोठा दिसला की खूण करा. 40, 27, 23 असा किमान उतरतो. 30 मोठा, खूण सातव्या जागेवर. 16 नवा किमान. मग 21, 25 आणि 18 हे तिन्ही 16 पेक्षा मोठे, म्हणून खूण तिसऱ्या जागेपर्यंत येते. 14 आणि 11 वर ती थांबते. तुकडा तिसऱ्या ते नवव्या जागेचा, सात आकड्यांचा. गंमत म्हणजे त्यातला 21 आधीपासून स्वतःच्या योग्य जागीच आहे. तरी तुकडा सलग हवा असल्याने तोही आत येतो.

या दोन्ही चाली एकाच लूपमध्ये बसतात. एक नजर डावीकडून येते, तर दुसरी त्याच वेळी उजवीकडून. संगणक जागा शून्यापासून मोजतो:

```python
def tukda(a):
    n = len(a)
    start, end = 0, -1
    hi, lo = a[0], a[-1]
    for i in range(n):
        j = n - 1 - i
        if a[i] < hi: end = i
        else: hi = a[i]
        if a[j] > lo: start = j
        else: lo = a[j]
    return end - start + 1
```

प्रत्येक आकडा दोनदा पाहिला जातो, म्हणून दहा लाख आकड्यांना वीस लाख तुलना लागतात. प्रत काढून ती सॉर्ट करायची आणि मूळ अॅरेशी ताडून पाहायची, या सरळ मार्गात साधारण दोन कोटींपर्यंत तुलना होऊ शकतात, शिवाय प्रतीची जागा लागते ती वेगळी.

चुका होतात त्या बारीक ठिकाणी. `<` ऐवजी `<=` लिहिलं, तर 1, 2, 2, 3 या नीट लागलेल्या अॅरेतही बिघाड दिसतो. `hi` ची सुरुवात 0 ने केली, तर सगळे आकडे ऋण असताना उजवी खूण थेट शेवटाला जाते. `end` ला -1 दिल्यामुळे आधीच क्रमात असलेल्या अॅरेचं उत्तर आपोआप शून्य येतं. रिकामा अॅरे मात्र आधीच वेगळा काढावा लागतो, नाहीतर `a[0]` वरच प्रोग्रॅम अडतो.

तुकड्याची लांबी म्हणजे गोंधळाचं माप, असं मात्र समजू नये. 2, 3, 4, 5, 6, 1 यात चुकीच्या ठिकाणी पडलेला आकडा खरं तर एकच, 1. तो उचलून पुढे ठेवला की काम संपतं. पण या पद्धतीचं उत्तर येतं सहा, म्हणजे अख्खा अॅरे. कारण 1 ला जागा करून द्यायला प्रत्येकाला एक पाऊल मागे सरकावंच लागतं.