आधी यादी, मग शब्द: ‘नक्की’, ‘बहुधा’ आणि ‘अशक्य’ यांबद्दलचे गैरसमज

पाचवीच्या वर्गात संभाव्यतेची सुरुवात अपूर्णांकांनी होत नाही, शब्दांनी होते: निश्चित, बहुधा, समान शक्यता, क्वचित, अशक्य. साहित्यही साधंच लागतं. एक-दोन नाणी आणि घरी केलेली फिरकी. पुठ्ठ्याची गोल चकती कापायची, तिचे भाग रंगवायचे, मधोमध पेन्सिलचं टोक टेकवून त्याभोवती कागदाची क्लिप फिरवायची, की झाली फिरकी. अडचण साहित्यात नसते. हे शब्द मुलं वर्गात येताना घरून घेऊन येतात आणि त्यांचे घरातले अर्थ गणितात चालत नाहीत.

गैरसमज १ : अशक्य म्हणजे फार अवघड, फार दुर्मीळ.

वस्तुस्थिती : आपण ‘अशक्य गर्दी होती’ म्हणतो आणि त्याच गर्दीतून घरीही येतो. ‘बहुतेक येईन’ म्हणणारा पाहुणा येत नाही, हेही सगळ्यांना ठाऊक असतं. बोलण्यात हे शब्द मनाचा कल सांगतात. गणितात ते एका यादीबद्दल बोलतात: काय काय घडू शकतं याची पूर्ण यादी. जे त्या यादीत नाहीच, तेवढंच अशक्य. लाल, निळा आणि पिवळा एवढेच रंग असलेल्या फिरकीवर हिरवा येणं अशक्य आहे. नाणं सलग दहा वेळा उडवून दहाही वेळा छापा येणं मात्र अशक्य नाही. दहा फेकींचे एकूण १०२४ क्रम होतात आणि त्यांपैकी एक क्रम हा आहे. त्यासाठी ‘फार क्वचित’ हा शब्द आहे. म्हणून मुलाने ‘अशक्य’ म्हटलं की एकच प्रश्न विचारावा: ‘यादीत आहे का?’

गैरसमज २ : ‘निश्चित’ हा सर्वांत सोपा शब्द आहे.

वस्तुस्थिती : उलट, इथेच मुलं जास्त अडतात. मुलांच्या संभाव्यताविषयक समजुतींचा अभ्यास करणारे एफ्राइम फिशबाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये हेच नोंदवलं होतं: ‘शक्य’ घटनेपेक्षा ‘निश्चित’ घटना मुलांना समजायला जड जाते. फासा टाकून ‘सातपेक्षा लहान संख्या येईल’ हे कसं आहे, असं विचारलं तर बरीच मुलं ‘शक्य’ म्हणतात. त्यांचं कारण ऐकण्यासारखं असतं: एक येईल की पाच, हे कुठे माहीत आहे? त्यांच्या मते एकच उत्तर असेल, तरच ते निश्चित.

यावर उपाय फिरकीच देते. चकतीचे चार भाग करून त्यांवर २, ४, ६, ८ लिहा. ‘सम संख्या येईल का?’ असं विचारा. क्लिप कुठे थांबेल हे कोणालाच सांगता येत नाही, तरी उत्तर ‘निश्चित’च. यादीतली प्रत्येक गोष्ट अटीत बसते, एवढंच त्या शब्दाला पुरतं.

गैरसमज ३ : गोष्टी दोन असल्या की शक्यता निम्मी-निम्मी.

वस्तुस्थिती : चकतीचे चार समान भाग करून तीन लाल आणि एक निळा रंगवा. ‘लाल किंवा निळा, दोनच रंग, म्हणजे समान शक्यता’ हे उत्तर हमखास येतं. मोजायचे असतात ते रंग नव्हे, मध्याशी होणारे कोन. लालकडे चारपैकी तीन भाग आहेत, म्हणून लाल ‘बहुधा’ येईल.

दोन नाण्यांबाबत हीच चूक अधिक लपून होते. दोन छापे, दोन काटे, एक-एक; म्हणजे तीन प्रकार, तिघांची शक्यता सारखी, असं मुलांना वाटतं. यासाठी एक रुपयाचं आणि पाच रुपयांचं अशी वेगळी नाणी घ्यावीत. मग दिसतं की ‘एक-एक’ दोन रीतींनी घडतं: रुपयावर छापा आणि पाचावर काटा, किंवा उलट. यादी तिघांची नसून चौघांची आहे. याच जातीची चूक दालांबेरसारख्या गणितज्ञाकडूनही झाली होती. १७५४ मध्ये फ्रेंच विश्वकोशातल्या लेखात त्याने दोन फेकींत निदान एक छापा येण्याची शक्यता तीनपैकी दोन असल्याचं मांडलं. ती चारपैकी तीन आहे.

गैरसमज ४ : समान शक्यता, म्हणजे दहा फेकींत पाच छापे आलेच पाहिजेत.

वस्तुस्थिती : दहा फेकींच्या १०२४ क्रमांपैकी नेमके पाच छापे असलेले क्रम २५२ आहेत, म्हणजे साधारण चौथा हिस्सा. चाळीस मुलांच्या वर्गात प्रत्येकाने दहा वेळा नाणं उडवलं, तर बरोबर पाच छापे दहाएक मुलांनाच मिळतील. बाकीच्यांना चार, सहा, तीन, सात असे मिळतील आणि त्यांपैकी कुणाचंही नाणं खोटं नसेल. मात्र फळ्यावर सगळ्यांच्या ४०० फेकींची बेरीज केली, की छाप्यांचा वाटा निम्म्याच्या जवळ आलेला दिसतो. दुसऱ्या महायुद्धात डेन्मार्कमध्ये स्थानबद्ध असताना जॉन केरिच या गणितज्ञाने नाणं १०,००० वेळा उडवलं. छापे आले ५,०६७.

ही जवळीक कशी येते, हेही सांगायला हवं. ‘चार छापे झाले, आता काटा येणारच’ असं मुलं म्हणतात. नाण्याला मागचं काही आठवत नसतं. पाचव्या फेकीतही यादी दोघांचीच असते. सुरुवातीचे जादा छापे कोणी फेडत नाही. शेकडो फेकींच्या बेरजेत त्यांचं वजन कमी होत जातं, एवढंच.

गैरसमज ५ : ‘बहुधा लाल’ म्हटलं आणि निळा आला, म्हणजे उत्तर चुकलं.

वस्तुस्थिती : ‘बहुधा’ हे एका फेरीचं भाकीत नाही. तीन लाल, एक निळा अशी फिरकी तीनदा फिरवली, तर तिन्ही वेळा लाल येण्याची शक्यता ६४ पैकी २७ आहे. म्हणजे तीन फेऱ्यांत निळा निदान एकदा दिसणं हेच जास्त संभवतं. एका निळ्यावरून ‘चूक’ अशी खूण केली, तर मूल शब्द नशिबाच्या भरवशावर निवडू लागतं. वीस फेऱ्यांत पंधराच्या आसपास लाल आले का, ते पाहावं.

कधी खरा दोष फिरकीचाही असतो. चार रंगांचे समान भाग असलेल्या चकतीवर ४० फेऱ्यांत प्रत्येक रंग दहाच्या आसपास यायला हवा. आठ किंवा तेरा आले तर शंका नको, पण एकच रंग बावीस वेळा आला तर तपासावं. चकती पाव फेरा वळवून पुन्हा ४० फेऱ्या घ्याव्यात. तोच रंग पुढे राहिला तर भाग आखताना चूक झाली आहे. रंग बदलला, पण क्लिप त्याच दिशेला थांबत राहिली, तर बाक उतरता आहे. क्लिप टिचकीने निदान दोन फेरे फिरली नसेल, तर ती फेरी मोजूच नये.

चाचणीतही म्हणूनच नुसता शब्द मागू नये. ‘निश्चित’ लिहिणाऱ्या मुलाला त्या शब्दाशेजारी यादी लिहायला लावावी. शब्द बरोबर आणि यादी अपुरी असेल, तर ते उत्तर अंदाजाने आलेलं आहे.