दहाव्या चुकीनंतर कोरा होणारा फोन

एप्रिल 2019 मध्ये अमेरिकी पत्रकार इव्हान ऑस्नॉस यांच्या तीन वर्षांच्या मुलाने त्यांच्या आयपॅडवर मनाला येतील ते आकडे दाबले. आयपॅड बंद झाला आणि पडद्यावर सूचना आली, 2,55,36,442 मिनिटांनी पुन्हा प्रयत्न करा. म्हणजे सुमारे 48 वर्षांनी! ऑस्नॉस यांनी तो फोटो ट्विटरवर टाकून उपाय विचारला.

आयफोनवरही असे होऊ शकते, आणि तिथे आणखी एक सोय आहे. Settings मध्ये Face ID & Passcode उघडले की तळाशी Erase Data हे बटण दिसते. ते चालू असेल, तर दहा वेळा पासकोड चुकताच फोन कोरा होतो. फोनमधली माहिती मुळातच कुलूपबंद असते. फोन फक्त किल्ली नष्ट करतो, म्हणून हे क्षणात उरकते.

ही सोय किती भक्कम आहे, ते 2016 मध्ये दिसले. सॅन बर्नार्डिनोच्या हल्लेखोराचा आयफोन एफबीआयच्या हाती होता. चार आकडी पासकोडच्या शक्यता दहा हजारच. अडथळे नसते, तर यंत्राने त्या साधारण पाऊण-एक तासाच्या आतच संपवल्या असत्या. पण दहाव्या चुकीला सगळे पुसले जाईल ही धास्ती होती. हा अडथळा काढणारे सॉफ्टवेअर ॲपलने बनवावे, असा आदेश कोर्टाने दिला. ॲपलने नकार दिला. शेवटी एफबीआयने बाहेरच्या कुणाकडून तरी फोन उघडून घेतला.

मग घरात खोडकर मूल असेल तर? फोन दहा चुका सलग करूच देत नाही. काही चुकांनंतर आधी मिनिटभर, मग पाच मिनिटे, पुढे तासाच्या हिशेबात थांबवतो. तोच चुकीचा आकडा पुन्हा पुन्हा दाबला, तर ती एकच चूक धरली जाते. त्यामुळे दोन मिनिटांच्या खेळात फोन पुसला जात नाही. धोका आहे तो बराच काळ विसरलेल्या फोनला, किंवा थांबायची वेळ संपली की पुन्हा नवा आकडा लावून पाहणाऱ्या आठ-दहा वर्षांच्या चिकाटीला.

गंमत अशी, की Erase Data बंद ठेवूनही सुटका नाही. दहा चुकांनंतर फोन कायमचा अडतो आणि तो पुसूनच नव्याने सुरू करावा लागतो. फरक इतकाच, की तेव्हा पुसणारे आपण असतो. खरा प्रश्न बॅकअपचा.

पक्षकारांची कागदपत्रे बाळगणारे वकील, रुग्णांच्या नोंदी ठेवणारे डॉक्टर, सूत्रांची नावे जपणारे पत्रकार यांनी ही सोय जरूर चालू करावी. नातवंडांचे फोटो फक्त फोनमध्येच असलेल्या आजोबांनी तिच्या वाटेला जाऊ नये. चालू करण्याआधी Settings मध्ये आपल्या नावावर, मग iCloud वर आणि तिथे iCloud Backup वर जाऊन शेवटच्या बॅकअपची तारीख पाहावी. ॲपल खात्याचा पासवर्डही आठवायला हवा. पुसलेला फोन पुन्हा सुरू होताना तोच विचारतो.