पंप सुरू झाला, पण प्रश्न कोणता सुटला?

इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षात ‘स्मार्ट इरिगेशन’ हा प्रोजेक्ट दरवर्षी कुणी ना कुणी घेतंच. टेबलावर एक कुंडी, तिच्यात खुपसलेला ओलाव्याचा सेन्सर, शेजारी नोडएमसीयूचा बोर्ड, रिले आणि छोटा पंप. सेन्सर मातीतून बाहेर काढला की पंप सुरू होतो, पाण्याच्या ग्लासात बुडवला की बंद पडतो. मोबाइलवर ओलाव्याची टक्केवारी झरझर बदलते. एक्स्टर्नल समाधानाने मान हलवतात आणि डेमो संपतो.

पुढे हाच प्रोजेक्ट सर्वसामान्य वाचकासाठी लिहायला घेतला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं : ‘आम्ही आयओटीवर आधारित स्वयंचलित सिंचन प्रणाली विकसित केली आहे.’ या वाक्यातून मुलांनी काय बनवलं ते कळतं, पण कुणाचं काय अडलं होतं ते कळत नाही. लेखाची सुरुवात तिथूनच व्हायला हवी. शेतकऱ्याचा प्रश्न साधा असतो : आज पाण्याची पाळी द्यायची की दोन दिवस थांबायचं? वरची माती वाळून पांढरी पडली तरी वीतभर खाली ओल असू शकते. मुळं त्या खालच्या ओलीवर जगतात आणि ती डोळ्यांना दिसत नाही. म्हणून अनेकदा अंदाजाने पाणी दिलं जातं. जास्त झालं तर मुळांना हवा मिळत नाही, कमी झालं तर पीक ताण खातं.

प्रश्न असा मांडला की सेन्सरचं काम समजावणं सोपं जातं. कपॅसिटिव्ह सेन्सर आपल्या पट्टीभोवती विद्युत क्षेत्र तयार करतो. त्या क्षेत्राला पाणी हवेच्या सुमारे ८० पट प्रतिसाद देतं, कोरडी माती जेमतेम तीन ते पाच पट. त्यामुळे मातीत पाणी वाढलं की सेन्सरचा आकडा ठळकपणे बदलतो. वाचकाला एवढं तत्त्व पुरतं. बोर्डचं नाव, वायफायचा प्रोटोकॉल, ॲपची रचना हे सगळं ब्लॅक बुकमध्ये शोभतं.

लेखाची खरी कसोटी टक्केवारीपाशी लागते. मोबाइलवर ‘ओलावा ६० टक्के’ असं दिसतं, ते कशाचे ६० टक्के? बहुतेक प्रोजेक्टमध्ये हा आकडा अशा एका ओळीतून येतो :

```
percent = map(raw, 820, 390, 0, 100);
```

सेन्सर हवेत धरला तेव्हा ८२० आलं, म्हणून ते शून्य टक्के. पाण्यात बुडवला तेव्हा ३९० आलं, म्हणून ते १०० टक्के. कुंडीत ५६० आलं की गणित ६० टक्के दाखवतं. म्हणजे हा आकडा हवा आणि पाण्याच्या ग्लासामधलं अंतर सांगतो. मातीत पाणी किती आहे, हे त्यातून कळत नाही.

ते कळण्यासाठी जुनी आणि खात्रीची पद्धत वापरावी लागते. समजा, १०० घन सेंटिमीटरची डबी काळ्या मातीने भरून घेतली. आतल्या ओल्या मातीचं वजन भरलं १५५ ग्रॅम. ती १०५ अंश सेल्सिअसला २४ तास ओव्हनमध्ये वाळवली, तेव्हा १२४ ग्रॅम उरली. ३१ ग्रॅम पाणी गेलं, म्हणजेच ३१ मिलिलिटर. डबीच्या आकारमानाच्या ३१ टक्के पाणी होतं. त्याच जागी सेन्सर ५६० दाखवत असेल, तर ५६० म्हणजे या मातीतले ३१ टक्के. कमी-जास्त ओलीचे असे आणखी नमुने घेतले की सेन्सरचा आकडा आणि खरं पाणी यांचा तक्ता तयार होतो. तो फक्त त्या मातीपुरता खरा असतो.

आता हे ३१ टक्के भरपूर की कमी? याचं उत्तर जमिनीवर अवलंबून आहे. पाणी दिल्यावर जादा पाणी निथळून जातं आणि जमीन वाफशावर येते. अशा वेळी काळ्या जमिनीत साधारण ३८ टक्के पाणी धरू. ते २२ टक्क्यांपर्यंत उतरलं की उरलेलं पाणी चिकणमाती इतकं घट्ट धरून ठेवते की मुळांना ते ओढता येत नाही आणि झाड कोमेजतं. हलक्या, मुरमाड जमिनीत हेच आकडे समजा १८ आणि ८ आहेत. म्हणजे २० टक्के पाणी असताना मुरमाड जमिनीतलं पीक खुशाल असतं आणि काळ्या जमिनीतलं कोमेजलेलं असतं. सगळ्या शेतांना एकच आकडा लावणारा प्रोजेक्ट इथे उघडा पडतो.

वाचकाला टक्केवारीपेक्षा दिवस लवकर समजतात, म्हणून हिशेब दिवसांपर्यंत न्यावा. एक चौरस मीटर जागा आणि ३० सेंटिमीटर खोलीपर्यंतची मुळं धरली तर ३०० लिटर माती झाली. तिच्यातला प्रत्येक टक्का म्हणजे तीन लिटर पाणी. काळ्या जमिनीत ३८ ते २२ या १६ टक्क्यांत पिकाला ४८ लिटर मिळतं. त्यातलं निम्मं संपलं की पाणी द्यायचं असं ठरवलं, तर हातात २४ लिटर आहेत. पीक आणि ऊन मिळून रोज पाच लिटर संपवत असतील, तर पाळी जवळपास पाच दिवसांनी येते. मुरमाड जमिनीत निम्मं म्हणजे १५ लिटर, तिथे तिसऱ्या दिवशीच पाणी लागतं. काळ्या जमिनीत पाणी द्यायची पातळी ३० टक्के येते. म्हणजे मघाशी मोबाइल ज्याला ‘६० टक्के ओलावा’ म्हणत होता, ती प्रत्यक्षात पाळी जवळ आल्याची खूण होती.

यानंतर यंत्र कुठे चुकतं, हेही लेखात मोकळेपणाने यायला हवं. काळी जमीन वाळली की भेगाळते. भेग सेन्सरलगत पडली तर पट्टीजवळ हवा शिरते आणि आकडा एकदम कोरड्याकडे झुकतो. सेन्सर कोरडं सांगतो, पंप चालूच राहतो, पाणी भेगेतून खाली निघून जातं. हे ओळखता येतं : वाळणारी जमीन आकडा दिवसागणिक हळूहळू बदलवते, तर भेग काही तासांत उडी मारायला लावते. पाणी देऊनही आकडा हलला नाही, तर सेन्सर उपसून पुन्हा घट्ट बसवावा आणि पंपाला वेळेची मर्यादा घालावी. शिवाय सेन्सरला त्याच्या पट्टीलगतचीच माती कळते. तो वरच्या थरात खोचला तर ३० सेंटिमीटरवरची ओल त्याला समजणार नाही. आणि शेतीपंपाला वीज ठरावीक तासच मिळते, त्यामुळे ‘ओल उतरली की पंप सुरू’ हा नियम शेतावर जसाच्या तसा चालत नाही.

हे सगळं जमवल्यावर त्या जुन्या पहिल्या वाक्याच्या जागी असा परिच्छेद उभा राहतो :

‘काळ्या जमिनीत पाणी कधी द्यायचं हे वरच्या मातीवरून कळत नाही. आम्ही मुळांच्या खोलीवर सेन्सर बसवला आणि त्याच शेतातली माती वाळवून, वजन करून त्याचा आकडा पडताळला. निम्मं पाणी संपलं की तो मोबाइलवर कळवतो, म्हणजे पुढची वीज येईल तेव्हा पाळी देता येते. हा तक्ता फक्त याच मातीसाठी आहे, दुसऱ्या शेतात तो नव्याने करावा लागेल. भेगा पडल्यावर सेन्सर फसतो, म्हणून पंप ठरावीक वेळेनंतर आपोआप बंद होतो.’

यातलं प्रत्येक वाक्य शेतकरी आपल्या बांधावर तपासून पाहू शकतो. जे वाक्य लिहिताना अडलं, ते काम अजून बाकी आहे असं मुलांनी समजावं आणि सबमिशनच्या आधी डबी घेऊन शेतावर जावं.